बैलाचं शेपूट पीसीवर डुलतं, फोनवर उडतं: स्प्रिंग-डॅम्परचं गणित कुठे चुकतंय?

मेहरूण

नमस्कार मंडळी. शंकरपटाचा छोटा मोबाइल गेम करतोय. मातीचा पट, दोन बैल, मागे गाडी, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. बैलांची चाल हाताने ॲनिमेट केलेली आहे, पण शेपूट, शिंगांचे गोंडे आणि झूल कोडमधून हलवायचं ठरवलं. सुरुवात शेपटापासून केली. शेपटाच्या टोकाला एक स्प्रिंग आहे. `g` ही ॲनिमेशनने सांगितलेली जागा, `x` ही टोकाची खरी जागा. तिन्ही अक्षांवर हेच चालतं:

```
float a = -k * (x - g) - c * v;
x += v * dt;
v += a * dt;
```

`k = 355`, `c = 7.5`. पीसीवर ६० फ्रेमला शेपूट छान लोंबतं, डुलतं. तोच गेम ३० फ्रेमच्या स्वस्त फोनवर टाकला की दोन-तीन सेकंदांत शेपूट झोके वाढवत वाढवत आकाशात जातं. `dt` सगळीकडे लावलेला आहे. मग फ्रेम रेटचा परिणाम होतोच कसा? फोननुसार `k` बदलायचा का? आणि दुसरी अडचण: गाडीमागचा कॅमेरा वेग वाढला की इतका मागे पडतो की बैल वरच्या कडेला चिकटतात. दोन्हीचं मूळ एकच असेल असं वाटतंय.

भरीत_पार्टी

पोळ्याला बैल उधळतात हे माहीत होतं, नुसतं शेपूट उधळलेलं पहिल्यांदाच ऐकतोय भो!

माझ्या मते कुठेतरी `dt` राहून गेलाय. प्रत्येक ओळ परत तपासा. `dt` नीट लावला की फ्रेम रेटचा प्रश्नच उरत नाही.

अनेर_काठ

@मेहरूण भाऊ, `c` वाढवा. 7.5 चा 15 करा, फोनवरचं उडणं बंद होईल. डॅम्पिंग कमी पडतंय, दुसरं काही नाही.

लळिंग

भाऊंच्या कोडमध्ये `dt` दोन्ही ओळींत आहे, तिथे चूक नाही. भरीत_पार्टी यांचं म्हणणं सरळ वेगाने जाणाऱ्या वस्तूला लागू पडतं. स्प्रिंगमध्ये मात्र जोर जागेवर अवलंबून असतो आणि जागा त्या जोरावर. `dt` च्या काळात जोर बदलत राहतो, पण कोड तो फ्रेमच्या सुरुवातीचाच धरून बसतो. फ्रेम जितकी मोठी तितकी ही चूक मोठी.

घाण्याचा बैल डोळ्यांसमोर आणा. तो गोल फिरतो कारण दर पावलाला थोडा वळतो. समजा त्याने एक पाऊल आधी सरळ समोर टाकलं आणि मग वळला, तर दर पावलाला तो रिंगणाच्या किंचित बाहेर जाईल. तुमच्या कोडमध्ये जागा जुन्या वेगाने पुढे जाते आणि वेग जुन्या जागेवरून ठरतो. दर फ्रेमला झोका थोडा बाहेर जातो. डॅम्पर त्याला आत ओढतो. दोघांत कोण जिंकतो त्यावर सगळं ठरतं.

या लिखाणाची मर्यादा सोपी आहे: `dt < c/k`. तुमच्या आकड्यांनी 7.5 / 355 म्हणजे ०.०२११ सेकंद. ६० फ्रेमला `dt` ०.०१६७, म्हणजे मर्यादेच्या आत. ३० फ्रेमला ०.०३३३, म्हणजे बाहेर. तिथे दर सेकंदाला झोका साधारण साडेसात पट होतो. एका सेंटिमीटरचा झोका तीन सेकंदांत चार मीटरच्या पुढे जातो. तुम्ही पाहताय ते नेमकं हेच.

@अनेर_काठ, तुमचा उपाय उडणं थांबवेल हे खरं. `c = 15` केला की मर्यादा ०.०४२ होते आणि ३० फ्रेम आत येते. पण त्या फोनवर कुठे २० फ्रेमला अडकलं की `dt` ०.०५ होतो आणि शेपूट पुन्हा उडतं. शिवाय दोन्ही फोनवर दिसणं सारखं राहत नाही. `c = 15` ठेवून एका सेकंदानंतर झोक्याचा किती भाग उरतो ते काढा: ६० फ्रेमला शंभरातला एकही नाही, ३० फ्रेमला शंभरातले एकोणीस. एका फोनवर शेपूट काठीसारखं, दुसऱ्यावर दोरीसारखं.

उपाय दोन ओळींची अदलाबदल, इतकाच आहे. आधी वेग, मग त्या नव्या वेगाने जागा:

```
v += (-k * (x - g) - c * v) * dt;
x += v * dt;
```

तुमच्या `k`, `c` ला हे १२ फ्रेमलाही उडणार नाही.

मेहरूण

बदललं. फोनवर उडणं थांबलं! पण आता दोन्हीकडे शेपूट फारच लवकर थांबतंय. पीसीवर आधी जे लोंबणं होतं, जे आवडून मी आकडे ठरवले होते, ते गेलं. `k`, `c` तेच आहेत. काही चुकलं का?

लळिंग

चुकलं नाही. तुम्ही आकडे जुन्या कोडवर नजरेने ठरवले होते आणि त्या नजरेत कोडची चूकही मोजली गेली. खऱ्या गणिताने 355 आणि 7.5 ला एका सेकंदात झोक्याचे शंभरातले दोन भाग उरायला हवेत. जुना कोड ६० फ्रेमलाही पंचेचाळीस भाग ठेवत होता. डॅम्परने काढलेला बराचसा जोर तोच परत घालत होता.

जुनं दिसणं परत हवं असेल तर `c` साधारण 1.6 करा. ६० ला पंचेचाळीसच्या आसपास आणि ३० ला चव्वेचाळीस उरतील. म्हणजे तेच लोंबणं, पण दोन्ही फोनवर सारखं.

यापुढे `k` आणि `c` हाताने ठरवू नका. शेपूट सेकंदाला किती झोके घेतं ते `f`, आणि किती लवकर शांत होतं ते `z`, एवढे दोनच आकडे बाहेर ठेवा. `z` शून्य म्हणजे कधीच न थांबणारं, एक म्हणजे पुढे न जाता सरळ जागेवर येऊन बसणारं.

```
float w = 6.2832 * f;
float k = w * w;
float c = 2 * z * w;
```

तुमचे 355 आणि 7.5 म्हणजे `f = 3`, `z = 0.2`. आणि डोळ्यांना जे आवडलं होतं ते खरं तर `z = 0.04` होतं.

केळीबाग_रावेर

चर्चा मस्त चाललीय. माझं काम थोडं वेगळं आहे. केळीच्या बागेचा सीन आहे, ४०० झाडं, प्रत्येकाला आठ-दहा पानं. वारा आला की सगळी पानं हलली पाहिजेत. प्रत्येक पानाला अशी स्प्रिंग लावली तर फोन तापतो. `z` किती ठेवू म्हणजे फोन तापणार नाही?

अनेर_काठ

`z` चा आणि फोन तापण्याचा संबंध नाही भाऊ. `z` काहीही असो, दर पानाला हिशेब तेवढाच.

लळिंग

वाऱ्याला स्प्रिंग लागतच नाही. स्प्रिंगला मागचा फ्रेम आठवावा लागतो, म्हणून ती महाग पडते. वाऱ्याने डुलणाऱ्या पानाला आठवण नको. शेडरमध्ये वेळेची एक साइन लाट घ्या, झाडाच्या जागेवरून तिची सुरुवात मागेपुढे करा, आणि पानाच्या देठापासून टोकापर्यंत परिणाम वाढवत न्या. केळीचं पान वाऱ्याने फाटून झालर होतं, तेव्हा कडेच्या पट्ट्यांना दुसरी, जलद आणि छोटी लाट दिली की बाग खरी वाटते. स्प्रिंग फक्त त्या पानांना लावा ज्यांना गाडी घासून जाते, आणि तीही झोका थांबेपर्यंतच.

तोरणमाळ

मी ॲनिमेशन करते, कोड कमी कळतो. पण इथे एक गोष्ट कुणीच बोललं नाही. बैल चालत असताना शेपूट ठीक दिसत असेल, पण धावताना ते फटके मारत असेल. मेहरूण, हे खरं आहे का? सारंगखेड्याच्या यात्रेच्या सीनसाठी घोड्याचं शेपूट असंच कोडने लावलेलं होतं. चालताना सुरेख, दुडकीला वेड्यासारखं. शेवटी ते हाताने ॲनिमेट करावं लागलं. कारण मला आजही नीट सांगता येत नाही, पण ते फ्रेम रेटचं नव्हतं. फ्रेम रेट ६० वरच होता.

मेहरूण

ताई, अगदी हेच! `c = 1.6` केल्यावर चालताना उत्तम, धावताना फटके. मला वाटलं पुन्हा उडायला लागलं. पण वाढत नाही, एका मापावर फटके मारत राहतं.

लळिंग

तोरणमाळ ताईंनी अचूक ठिकाणी बोट ठेवलं. वाढत न जाता एका मापावर टिकून राहणं, हीच ओळखायची खूण. गणित फुटलं असेल तर झोका वाढतच जातो आणि शेवटी आकडे `NaN` होतात. एका मापावर राहिला तर तो झोक्याचा मेळ असतो. झोपाळ्याला योग्य क्षणी हलका धक्का देत राहिलं की तो उंच जातो, तसं.

@मेहरूण, धावण्याचं ॲनिमेशन किती फ्रेमचं आहे? आणि त्यात पाठ किती वेळा वरखाली होते?

मेहरूण

धावणं २० फ्रेम, ३० च्या वेगाने. पाठ एका फेऱ्यात दोनदा वर येते. चालणं ३६ फ्रेम, तिथेही दोनदा.

लळिंग

म्हणजे धावण्याचा फेरा ०.६७ सेकंदाचा, पाठ सेकंदाला तीनदा वर येते. आणि तुमच्या शेपटाचा `f` नेमका ३. दर उसळीला शेपूट अगदी हव्या त्या क्षणी धक्का खातं. मेळ बसला की झोका धक्क्याच्या `1/(2*z)` पट होतो. `z = 0.04` ला साडेबारा पट. पाठ चार सेंटिमीटर उसळली तर शेपटाचं टोक अर्धा मीटर उसळणार.

चालण्याचा फेरा १.२ सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला १.६७ उसळ्या. तीनपासून लांब, म्हणून चालताना ठीक दिसतं.

आता `f` कुठे ठेवायचा? खाली १.८ केला तर धावणं सुटेल पण चालण्याशी मेळ बसेल. ४.५ केला तर दोन्ही सुटतील, पण शेपूट कुत्र्यासारखं तुरुतुरु हलेल. बैलाला ते शोभत नाही. मी दोघांच्या मध्ये २.३ घेईन आणि `z` पुन्हा ०.२ वर नेईन. `k` येतो 209, `c` येतो 5.8. चालताना टोक पाठीच्या उसळीच्या पावणेदोन पट हलेल, धावताना सव्वापटीपेक्षा थोडं कमी. दोन्ही डोळ्यांना चालण्यासारखे आहेत. लोंबणं थोडं कमी होईल, ती किंमत द्यावीच लागेल.

तोरणमाळ

अच्छा, म्हणून घोड्याचं फक्त दुडकीला बिघडायचं! म्हणजे आधी ॲनिमेशनचे ठोके मोजायचे आणि मग स्प्रिंग लावायची.

मला यात अजून एक वाट दिसते. पाठीची वरखाली उसळी शेपटाच्या बुडापर्यंत मी ॲनिमेशनमध्येच दाखवते. स्प्रिंगला फक्त आडवी हालचाल आणि वळणं द्या. उभ्या दिशेला स्प्रिंग बंद. मग `z` कमी ठेवूनही फटके बसणार नाहीत, कारण आडवी हालचाल एका फेऱ्यात एकदाच डावी-उजवी होते. तिचे ठोके निम्मे.

लळिंग

हे माझ्या उपायापेक्षा चांगलं आहे. निम्मे म्हणजे धावताना दीड, चालताना ०.८३. मग २.३ पासून दोन्ही खाली आणि लांब राहतात, `z` ०.१ पर्यंत उतरवता येईल.

अनेर_काठ

एक प्रश्न उरतो. एका टोकाला स्प्रिंग लावून शेपूट होत नाही. पाच-सहा हाडांची साखळी असते. प्रत्येक टोकाला स्प्रिंग लावली की हाडांची लांबी बदलते, शेपूट रबरासारखं ताणतं. दर फ्रेमला प्रत्येक सांधा वरच्या सांध्यापासून ठरलेल्या अंतरावर परत आणावा लागतो.

लळिंग

हो, आणि ते बुडाकडून टोकाकडे, त्याच क्रमाने. उलट क्रमाने केलं तर खालचा सांधा वरच्याच्या जुन्या जागेवरून मोजला जातो आणि शेपूट एक फ्रेम मागे राहून थरथरतं.

यात बहुतेकांची एक गोष्ट राहते. सांधा जागेवर ओढला, पण त्याचा वेग तसाच राहिला. तो वेग दर फ्रेमला बाहेर खेचत राहतो, साठत जातो, आणि बैल एकदम थांबला की शेपूट झटका देतं. म्हणून हाडाच्या लांबीच्या दिशेतला वेगाचा भाग काढून टाका:

```
vec3 d = normalize(x - parent);
x = parent + d * len;
v -= d * dot(v - pv, d);
```

`pv` हा वरच्या सांध्याचा वेग. तो वजा न करता नुसता `v` घेतला तर गाडी पळताना शेपूट मागेच ओढलं जातं. हे झालं की हाड मूळ दिशेकडून `d` कडे लहानात लहान कोनाने वळवा.

बुडाला `f` थोडा जास्त आणि टोकाकडे कमी ठेवा. सगळ्यांना एकच `f` दिला तर एकाचा झोका पुढच्याला मेळात ढकलतो आणि टोक चाबकासारखं सुटतं.

पाटणादेवी

कॅमेऱ्याचा प्रश्न मागेच राहिला. @मेहरूण, कॅमेऱ्याला काय लावलंय? आणि कॅमेरा नुसता मागे पडतो की थरथरतोही?

मेहरूण

युनिटीचं `SmoothDamp`, वेळ 0.25. गाडीचा सर्वाधिक वेग सेकंदाला ८ मीटर. आणि हो, बारीक थरथर आहे. ती मी फोनची समजत होतो.

भरीत_पार्टी

`SmoothDamp` कशाला, साधं `Lerp(cam, target, 5 * dt)` करा. यात `dt` आहे, फ्रेम रेटचा प्रश्न सुटला.

पाटणादेवी

जवळपास सुटला, पूर्ण नाही. `5 * dt` लहान असतो तोवर ठीक. फ्रेम अडकून `dt` ०.२ च्या पुढे गेला की तो एकच्या वर जातो. युनिटी तिथे एकवर अडवते म्हणून कॅमेरा एकदम लक्ष्यावर उडी मारतो. जिथे अडवत नाही तिथे लक्ष्याच्या पलीकडे जातो. `1 - exp(-5 * dt)` लिहिलं की कुठल्याही `dt` ला बरोबर. नुसतं `0.1` लिहिणारेही आहेत. त्यात ६० फ्रेमला अर्धं अंतर ०.११ सेकंदात कापलं जातं आणि ३० ला ०.२२ मध्ये, म्हणजे स्वस्त फोनवर कॅमेरा दुप्पट सुस्त.

आता मेहरूण यांचं मागे पडणं. ही चूक नाही, अशा स्प्रिंगचा स्वभावच आहे. डॅम्पर कॅमेऱ्याच्या वेगाला विरोध करतो. गाडी एकसारख्या वेगाने पळत असेल तर कॅमेराही त्याच वेगाने जातो, डॅम्पर त्याला सतत मागे ओढतो, आणि तो जोर तोडायला स्प्रिंगला ताणलेलं राहावं लागतं. `SmoothDamp` मध्ये हे ताणलेलं अंतर वेग गुणिले दिलेली वेळ इतकं असतं. ८ गुणिले ०.२५, म्हणजे २ मीटर. मोजून बघा, इतकंच भरेल.

अंतर काढायचं असेल तर लक्ष्यच पुढे सरकवा. गाडीच्या जागेत `velocity * 0.25` मिळवा आणि ते `SmoothDamp` ला द्या. एकसारख्या वेगाला मागे पडणं शून्य. मी पूर्ण काढत नाही, 0.15 मिळवतो. वेग वाढताना कॅमेरा थोडा मागे राहिला तरच गाडी पळाल्यासारखी वाटते.

थरथर मात्र वेगळी. गाडी `Rigidbody` आहे ना? ती सेकंदाला ५० वेळा हलते, चित्र ६० वेळा निघतं. सेकंदातून दहा फ्रेम असे येतात की गाडी हललेलीच नसते पण कॅमेरा हलतो. `Rigidbody` वर `Interpolate` चालू करा आणि कॅमेरा `LateUpdate` मध्ये ठेवा. `SmoothDamp` ची वेळ वाढवून ही थरथर लपवू नका, मागे पडणंच वाढेल.

अनेर_काठ

शेपटालाही मग हेच लागू आहे की. `-c * v` मध्ये `v` जगाच्या हिशेबाने आहे. गाडी ८ ने पळताना शेपूट कायम मागे ओढलेलं राहणार. तिथे शेपटाच्या बुडाचा वेग वजा करायला हवा. माझ्या मते हे चुकीचंच आहे.

लळिंग

हिशेब बरोबर आहे. लांबीचं बंधन नसेल तर 5.8 / 209 गुणिले ८, म्हणजे साधारण २२ सेंटिमीटर मागे. चुकीचं म्हणायचं की नाही, तिथे मी थांबतो.

तोरणमाळ

मला ते हवं आहे! धावणाऱ्या बैलाचं शेपूट मागे उचललेलं दिसलं तर तो जीव खाऊन पळतोय असं वाटतं. वजा केलंत तर पळतानाही शेपूट खाली लोंबेल, उभ्या बैलासारखं.

अनेर_काठ

दिसायला चांगलं असेल, पण मग `c` बदलला की डॅम्पिंगही बदलतं आणि मागे उचलणंही. दोन गोष्टी एकाच आकड्यात अडकल्या. बुडाचा वेग पूर्ण वजा करा आणि मागे उचलायला वेगळा जोर द्या, ताई म्हणतील तितका.

तोरणमाळ

वेगळा आकडा मिळणार असेल तर माझी हरकत नाही. पण तो मला फिरवायला द्या, कोडमध्ये पुरून ठेवू नका.

लळिंग

आता माझा एक आग्रह. साखळीत कुठे टक्कर नसेल तर फ्रेमची चिंता मुळातूनच संपवता येते. स्प्रिंगचं उत्तर थेट सूत्राने काढता येतं. `z` एकपेक्षा कमी असताना हे असं:

```
float a = x - g, wd = w * sqrt(1 - z*z);
float e = exp(-z * w * dt);
float cs = cos(wd * dt), sn = sin(wd * dt) / wd;
x = g + e * (a*cs + (v + z*w*a)*sn);
v = e * (v*cs - (w*w*a + z*w*v)*sn);
```

`dt` कितीही मोठा द्या, उडत नाही. फोनवर कॉल येऊन गेला आणि `dt` दोन सेकंदांचा आला तरी शेपूट फक्त शांत झालेलं सापडतं. `exp`, `cos`, `sin` महाग वाटत असतील तर ते दर फ्रेमला एकदाच काढा. एकाच `f`, `z` च्या सगळ्या गोंड्यांना तेच चालतात.

अनेर_काठ

सूत्र बरोबर आहे, पण ते `g` फ्रेमभर स्थिर आहे असं धरतं. धावणाऱ्या बैलाचा `g` कधीच स्थिर नसतो. शिवाय तुम्हीच वर लांबीचं बंधन घातलंत. ते सूत्रात नाही. दर फ्रेमला सूत्र चालवून मग सांधा ओढला की ३० आणि ६० मध्ये फरक परत आलाच. झूल तर बैलाच्या पाठीवर टेकते, तिथे टक्कर आहे. मी १/१२० सेकंदाचे ठरलेले तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यात वेग-जागा-लांबी. २० फ्रेमला सहा तुकडे होतात, आणि एका फ्रेमला आठच्या वर जाऊ देत नाही. नाहीतर फोन मागे पडतो म्हणून जास्त तुकडे, जास्त तुकडे म्हणून आणखी मागे, असं होतं.

लळिंग

झुलीसाठी मान्य. गोंडे आणि कॅमेऱ्यासाठी नाही. शेपूट दोन्हींच्या मध्ये पडतं.

पाटणादेवी

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट विसरू नका. पट संपून बैल परत सुरुवातीच्या रेषेवर आणता तेव्हा `x = g` आणि `v = 0` करा. नाहीतर शेपूट अख्खा पट ओलांडून उडत येतं. कॅमेऱ्याचंही तसंच, `SmoothDamp` चा वेगही शून्य करावा लागतो.

मेहरूण

करून पाहिलं. सध्या अनेर_काठ यांचे तुकडे घेतले नाहीत, नुसती ओळींची अदलाबदल, `f = 2.3`, `z = 0.2`. तपासायला बैल उभा केला, लांबीचं बंधन बंद ठेवलं, शेपटाचं टोक ३० सेंटिमीटर बाजूला ओढून सोडलं आणि एका सेकंदाच्या आसपासचा झोका लिहून घेतला. ६० फ्रेमला साधारण १.४ सेंटिमीटर, ३० ला १.२. डोळ्यांना फरक कळत नाही. ताईंच्या सांगण्यावरून उभी दिशा बंद केली, धावतानाचे फटके गेले. बठ्ठं जमी गयं भो!

कॅमेरा: मागे पडणं मोजलं, १.९८ मीटर निघालं. 0.15 मिळवल्यावर बैल स्क्रीनच्या मध्याच्या जवळ राहतात. `Interpolate` बंद होतं, चालू केल्यावर थरथर गेली.

एकच राहिलं. गाडी पटाच्या शेवटी वळते तेव्हा कॅमेरा मध्येच एकदा पूर्ण उलटा फिरून येतो. नेहमी नाही, उत्तरेकडे वळतानाच.

पाटणादेवी

कॅमेऱ्याचा कोनही `SmoothDamp` ने फिरवताय ना? ३५९ वरून १ वर जायचं म्हटलं की त्याला ते ३५८ अंश मागे वाटतं. `SmoothDampAngle` वापरा. आणि स्वतःची स्प्रिंग लिहिली असेल तर `x - g` आधी -१८० ते १८० मध्ये आणा, मगच गुणा.

केळीबाग_रावेर

साइन लाट लावली, फोन थंड. पण गाडी घासून गेल्यावर पान स्प्रिंगवरून परत लाटेवर येताना एक झटका बसतो. झोका पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी तर वारा चालू असतोच, पान थांबतच नाही.

लळिंग

स्प्रिंगचा `g` स्थिर ठेवू नका, लाटेने सांगितलेली जागा हाच `g` द्या. मग `x - g` आणि `v - gv` दोन्ही लहान झाले की स्प्रिंग काढा. `gv` म्हणजे लाटेचा त्या क्षणीचा वेग. नुसती जागा जुळली म्हणून काढली तर वेग जुळलेला नसतो, झटका तिथूनच येतो. किती लहान झाल्यावर काढायची ते पान कॅमेऱ्यापासून किती लांब आहे त्यावर ठरवा.